वक्रावर सापडणारा मधला माणूस

१८८४ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तिथे फ्रान्सिस गाल्टन या संशोधकाने एक मोजमापशाळा थाटली. प्रेक्षकाने तीन पेन्स भरायचे आणि आत जायचे. आत उंची, वजन, दृष्टी, श्वासाची ताकद, मुठीची पकड अशी एकेक मोजणी व्हायची. त्यातच ओढण्याच्या ताकदीची एक परीक्षा होती. धनुर्धारी प्रत्यंचा खेचतो तसे यंत्र खेचायचे आणि किती पौंडांचा जोर लागला ते नोंदले जायचे. या प्रदर्शनात एकूण ९,३३७ माणसांची मोजमापे झाली.

त्यांपैकी २३ ते २६ वर्षे वयाच्या ५१९ पुरुषांच्या ओढण्याच्या ताकदीचा तक्ता गाल्टनने १८८९ साली ‘नॅचरल इनहेरिटन्स’ या पुस्तकात छापला. छापताना प्रत्येकाचा आकडा वेगळा दिला नाही, दहा-दहा पौंडांचे गट पाडले. हा तक्ता असा आहे.

| ओढण्याची ताकद (पौंड) | माणसे | आतापर्यंतची एकूण माणसे |
|---|---|---|
| ५० पेक्षा कमी | १० | १० |
| ५० ते ६० | ४२ | ५२ |
| ६० ते ७० | १४० | १९२ |
| ७० ते ८० | १६८ | ३६० |
| ८० ते ९० | ११३ | ४७३ |
| ९० ते १०० | २२ | ४९५ |
| १०० पेक्षा जास्त | २४ | ५१९ |

आता एक साधा प्रश्न विचारून पाहावा. या तरुणांमधल्या ‘मधल्या’ तरुणाची ताकद किती होती? सगळ्यांना कमी ताकदीपासून जास्त ताकदीपर्यंत क्रमाने उभे केले, तर बरोब्बर मध्यावर जो येईल त्याचा आकडा कोणता? त्यालाच मध्यक म्हणतात. रांगेच्या पाव अंतरावर येणारा आकडा हा पहिला चतुर्थक आणि पाऊण अंतरावर येणारा हा तिसरा चतुर्थक. व्याख्या सोपी आहे. अडचण एवढीच की रांगच आपल्यासमोर नाही. समोर सात गट आहेत. ७० ते ८० पौंडांच्या गटात १६८ जण आहेत हे कळते, पण त्यातला कोण ७१ वर होता आणि कोण ७९ वर, हे तक्ता सांगत नाही.

सरासरी काढायला जावे तर आणखी एक अडचण पुढे येते. पहिल्या गटाला खालचे टोक नाही आणि शेवटच्या गटाला वरचे. शंभराच्या पुढचे २४ जण सरासरी १०५ पौंड ओढत होते असे धरले तर एक सरासरी येते आणि ११५ धरले तर ती जवळजवळ अर्ध्या पौंडाने वाढते. म्हणजे सरासरी आपल्या अंदाजावर हलते. मध्यकाला आणि चतुर्थकांना या टोकांशी काही देणेघेणे नाही. ते रांगेच्या मधल्या भागात असतात. टोकाचे २४ जण शंभराच्या वर आहेत एवढे कळले की पुरे, किती वर आहेत हे कळले नाही तरी चालते.

गटांत बांधलेल्या माहितीतून ही तीन ठिकाणे शोधण्याचा एक जुना आणि डोळ्यांना पटणारा मार्ग म्हणजे संचित वारंवारता वक्र. शाळा-कॉलेजात त्याला ओजाइव्ह म्हणतात. हे नाव गाल्टननेच १८७५ साली वापरात आणले. वक्र मात्र त्याच्या आधीचा आहे. १८२१ साली फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए याने पॅरिसच्या रहिवाशांच्या वयाची आकडेवारी अशा वक्राने मांडली होती. अमुक वयाचे किंवा त्याहून मोठे किती लोक आहेत, हे त्याचा वक्र दाखवत होता.

तक्त्यातला तिसरा रकाना हीच या वक्राची सगळी सामग्री आहे. तो कसा तयार झाला ते पाहावे. ५० पौंडांच्या आत १० जण. ६० च्या आत हे १० आणि पुढच्या गटातले ४२, म्हणजे ५२. त्यात १४० मिळवले की ७० च्या आत १९२. अशी बेरीज पुढे नेत गेले की शेवटी ५१९ यायलाच हवेत. न आल्यास बेरजेत चूक आहे, आलेख काढण्याआधी ती शोधावी. या रकान्याला ‘पेक्षा कमी’ प्रकारची संचित वारंवारता म्हणतात, कारण त्यातला प्रत्येक आकडा ‘इतक्या पौंडांपेक्षा कमी किती जण’ या प्रश्नाचे उत्तर असतो.

आता आलेख कागद घ्यावा. आडव्या अक्षावर पौंड. सुरुवात शून्यापासून करायची गरज नाही, ४० पासून केली आणि १० पौंडांना २ सेंटीमीटर दिले की शंभरापर्यंत १२ सेंटीमीटर लागतात. उभ्या अक्षावर माणसे, १ सेंटीमीटरला ५० जण. ५१९ साठी साधारण साडेदहा सेंटीमीटर उंची पुरते. वहीच्या पानात हे आरामात बसते. आडवा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही हे दाखवायला आरंभाशी नागमोडी खूण करायची असते.

बिंदू घेताना प्रत्येक वेळी गटाची वरची मर्यादा आणि तिथपर्यंतची बेरीज यांची जोडी धरायची. ५० वर १०, ६० वर ५२, ७० वर १९२, ८० वर ३६०, ९० वर ४७३, १०० वर ४९५. असे सहा बिंदू मिळतात. शेवटच्या गटाला वरची मर्यादाच नाही, म्हणून सातवा बिंदू मांडता येत नाही. नेहमीच्या अभ्यासातल्या तक्त्यात पहिल्या गटाची खालची मर्यादा दिलेली असते, तिथे संचित वारंवारता शून्य धरून वक्र जमिनीवरून सुरू करता येतो. इथे तीही सोय नाही. वक्र ५० पौंडांवर १० च्या उंचीवरून सुरू होतो आणि १०० पौंडांवर ४९५ च्या उंचीवर थांबतो. त्यापलीकडे रेघ ओढली तर ती आपल्या मनची असेल, माहितीची नव्हे.

बिंदू जोडले की वक्राची चाल दिसते. ५० ते ६० मध्ये तो हळू चढतो, ६० ते ८० मध्ये उभा चढ घेतो आणि ९० च्या पुढे जवळजवळ आडवा पडतो. जिथे माणसे दाट तिथे चढ उभा, जिथे विरळ तिथे सपाट. वक्र खाली मात्र कधीच येऊ शकत नाही, कारण बेरीज वाढत जाते किंवा फार तर तेवढीच राहते. काढलेला वक्र कुठे खाली उतरताना दिसला, तर समजावे की संचित वारंवारतेच्या जागी मूळ वारंवारता मांडली गेली आहे. ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे आणि ती नुसत्या नजरेनेही पकडता येते.

मध्यक वाचायचा तर ५१९ चे अर्धे करायचे, २५९.५. उभ्या अक्षावर ही जागा सुमारे ५ सेंटीमीटर २ मिलिमीटरवर येते. तिथून आडवी रेघ ओढायची, ती वक्राला जिथे भिडेल तिथून खाली लंब सोडायचा आणि तो आडव्या अक्षाला कुठे टेकतो ते वाचायचे. तो ७४ पौंडांवर टेकतो. किलोत सांगायचे तर हे सुमारे साडेतेहतीस किलो झाले. गाल्टनच्या हिशेबातही या तरुणांचा मध्यक ७४ पौंडच होता.

चतुर्थकांची कृती हीच आहे. ५१९ चा पाव म्हणजे १२९.७५. कागदावर ही उंची २ सेंटीमीटर ६ मिलिमीटर. तिथली आडवी रेघ वक्राला ६० ते ७० च्या चढावर भेटते आणि लंब साडेपासष्ट पौंडांवर उतरतो. पाऊण म्हणजे ३८९.२५, उंची ७ सेंटीमीटर ८ मिलिमीटर, आणि उत्तर साडेब्याऐंशीच्या किंचित पुढे. हे तीन आकडे शेजारी ठेवले की या तरुणांचे चित्र उभे राहते. पाव जण साडेपासष्टच्या खाली, पाव जण साडेब्याऐंशीच्या वर आणि मधले निम्मे या सतरा पौंडांच्या पट्ट्यात. मध्यकापासून पहिला चतुर्थक साडेआठ पौंड मागे आहे आणि तिसराही जवळपास तेवढाच पुढे. म्हणजे मधल्या निम्म्या लोकांची विभागणी दोन्ही बाजूंना सारखी आहे, ती एका अंगाला कललेली नाही.

आकडे टाकून मध्यक काढण्याचे सूत्र ज्यांनी पाठ केले आहे त्यांना प्रश्न पडेल की आलेखाचे उत्तर आणि सूत्राचे उत्तर यांचे नाते काय. नाते अगदी घट्ट आहे. सूत्र हे त्या आलेखातल्या सरळ रेघेचेच गणित आहे. २५९.५ पर्यंत पोचायचे आहे आणि ७० पौंडांपर्यंत १९२ झाले आहेत, म्हणजे ६७.५ कमी पडतात. पुढच्या गटात १६८ जण आहेत. ६७.५ भागिले १६८ म्हणजे साधारण ०.४०. याचा अर्थ त्या दहा पौंडांच्या गटातले सुमारे चार पौंड पुढे जायचे, ७० अधिक ४, म्हणजे ७४. कागदावर याचा अर्थ असा की बिंदू पट्टीने सरळ जोडले, तर लहान आणि मोठा असे दोन समरूप काटकोन त्रिकोण तयार होतात आणि सूत्र त्यांच्या बाजूंचे गुणोत्तर मांडते. बिंदूंमधून हाताने गुळगुळीत वक्र काढला तर उत्तर किंचित वेगळे येते. ते चुकीचे नसते, गटातली माणसे कशी पसरली आहेत याबद्दलची समजूत वेगळी असल्यामुळे ते वेगळे येते. सरळ रेघ म्हणते की गटात सगळीकडे माणसे सारखी पसरली आहेत. गुळगुळीत वक्र म्हणतो की दाटी हळूहळू बदलते. खरे काय होते ते तक्त्यात नाही.

म्हणून या पद्धतीतली खात्रीची गोष्ट आणि अंदाजाची गोष्ट वेगळी ठेवायला हवी. ७० च्या आत १९२ जण आहेत, म्हणजे निम्म्याहून कमी. ८० च्या आत ३६० आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. तेव्हा मध्यक ७० ते ८० च्या दरम्यान आहे ही शंभर टक्के खात्रीची गोष्ट झाली, कोणताही वक्र न काढता. त्या दहा पौंडांत तो ७४ वर आहे, हा रास्त अंदाज आहे. आलेख हा अंदाज नीट बांधतो, पण तक्त्यात नसलेली माहिती तो निर्माण करत नाही.

हा अंदाज किती भरवशाचा, हे तपासायचा एक सोपा उपाय आहे. गट मुद्दाम मोठे करून पाहावेत. समजा ६० ते ७० आणि ७० ते ८० हे दोन गट एकत्र करून ६० ते ८० असा ३०८ जणांचा एकच गट केला आणि ७० वरचा बिंदू पुसून टाकला. आता ६० वरच्या ५२ पासून ८० वरच्या ३६० पर्यंत सरळ रेघ जाते. २५९.५ च्या उंचीवर ती साडेत्र्याहत्तर पौंड दाखवते. पहिला चतुर्थक ६५ पौंडांवर येतो. दोन्ही उत्तरे अवघ्या अर्ध्या पौंडाने हलली. म्हणजे या माहितीत वक्राचा मधला भाग स्थिर आहे, गट कसे पाडले यावर उत्तर फारसे अवलंबून नाही. जिथे असे गट जोडल्यावर उत्तर खूप सरकते तिथे मूळ उत्तरावरही जपूनच विसंबावे. हे करताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. एक गट वीस पौंडांचा आणि बाकीचे दहाचे असले तरी या वक्राला काही बाधा येत नाही. स्तंभालेखात असमान रुंदीच्या गटांसाठी स्तंभाची उंची बदलून घ्यावी लागते. इथे बिंदू नेहमी वरच्या मर्यादेवर आणि तिथपर्यंतच्या बेरजेवर पडतो, मग गट कितीही रुंद असो.

आलेख वाचताना हाताची चूक किती महाग पडते, हेही वक्राच्या चढावर ठरते. आपल्या कागदावर उभा १ मिलिमीटर म्हणजे ५ माणसे. ७० ते ८० मध्ये दर पौंडाला जवळजवळ १७ माणसे वाढतात. त्यामुळे तिथे एक मिलिमीटर वरखाली झाले तरी उत्तर फक्त ०.३ पौंडाने चुकते. ९० ते १०० मध्ये मात्र दर पौंडाला जेमतेम दोन माणसे वाढतात. तिथे तीच मिलिमीटरभर चूक उत्तर सव्वादोन पौंडांनी हलवते. मध्यक आणि चतुर्थक बहुधा वक्राच्या उभ्या भागात पडतात, म्हणून ते आलेखावरून चांगले वाचता येतात. टोकाची स्थाने वाचताना हा भरवसा उरत नाही. शिवाय या तक्त्यात १०० पौंडांच्या आत ४९५ जण, म्हणजे ९५ टक्क्यांहून थोडे जास्त आहेत. तेव्हा ९८ टक्के लोक कोणत्या आकड्याच्या आत आहेत, असे कोणी विचारले तर या वक्रावर त्याचे उत्तरच नाही.

चुका होतात त्या बहुतेक आडव्या अक्षावर. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे बिंदू गटाच्या वरच्या मर्यादेवर न घेता गटाच्या मध्यावर घेणे. स्तंभालेखावरून वारंवारता बहुभुज काढताना मध्यबिंदू घ्यायची सवय झालेली असते, ती इथेही चालू राहते. मग ७० ते ८० च्या गटापर्यंतचे ३६० हे ८० ऐवजी ७५ वर मांडले जातात आणि अख्खा वक्र पाच पौंडांनी डावीकडे सरकतो. मध्यक ७४ ऐवजी ६९ येतो. आकडा ऐकायला काही वावगा वाटत नाही, म्हणून ही चूक सहज खपून जाते. पण तक्त्याशी ताडून पाहिले की ती लगेच उघडी पडते. मध्यक ६९ असेल तर ७० च्या आत निम्म्याहून जास्त लोक असायला हवेत. तक्त्यात तर ते १९२ च आहेत, शंभरातले ३७. वाचलेला आकडा ज्या गटात पडतो त्याच गटात संचित बेरीज निम्मा टप्पा ओलांडते की नाही, एवढे पाहिले की अशी चूक निसटत नाही.

दुसरी चूक गटांच्या मर्यादांची. गाल्टनच्या तक्त्यात गट सलग आहेत, एक जिथे संपतो तिथेच पुढचा सुरू होतो. अनेक तक्ते तसे नसतात. परीक्षेच्या गुणांचे गट ४० ते ४९, ५० ते ५९ असे लिहिलेले असतात. ४९ आणि ५० यांच्यामधली फट वक्रात ठेवता येत नाही. तिथे फटीच्या मध्यावरची, म्हणजे ४९.५ ही वरची सीमा घ्यावी लागते आणि बिंदू ४९.५, ५९.५ असे मांडायचे असतात. पण हा नियम डोळे झाकून लावला की तोही फसवतो. वयाचे गट असेच ४० ते ४९ लिहितात, आणि वय मात्र आपण पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. पन्नासावा वाढदिवस उद्यावर असलेला माणूसही आज ४९ चाच असतो. म्हणून वयाच्या तक्त्यात त्या गटाची खरी वरची सीमा ४९.५ नसून ५० आहे. इथे ४९.५ घेतले तर मध्यक अर्ध्या वर्षाने कमी येतो. आकडा कसा नोंदला गेला, जवळच्या पूर्णांकात की पूर्ण झालेल्या वर्षांत, हे ठाऊक असल्याशिवाय सीमा ठरवता येत नाही.

वयाचाच आणखी एक प्रश्न आहे. जन्मतारीख नक्की ठाऊक नसली की माणसे वय २५, ३०, ३५, ४० असे शून्य किंवा पाचवर संपणारे सांगतात. भारताच्या जनगणनेत हे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. आता गट २५ ते ३० असा घेतला तर २५ सांगणाऱ्यांची गर्दी गटाच्या अगदी आरंभी जमते. खरा वक्र तिथे गटाच्या सुरुवातीलाच एकदम उसळी घेईल. आपण मात्र दोन टोके सरळ रेघेने जोडतो आणि गर्दी सगळीकडे सारखी पसरली असल्याचे धरतो. मध्यक त्याच गटात असला तर आलेखावरचे उत्तर सांगितलेल्या वयांच्या खऱ्या मध्यकापेक्षा जास्त येते. याला पट्टी किंवा पेन्सिल जबाबदार नाही, गटाच्या आतल्या दाटीबद्दल आपण जे गृहीत धरले ते तिथे लागू पडत नाही.

पुष्कळ पुस्तकांत मध्यक शोधण्याची दुसरीही रीत दिलेली असते. ‘पेक्षा कमी’ वक्राबरोबर त्याच कागदावर ‘इतके किंवा त्याहून जास्त’ असा वक्रही काढायचा. तो गटाच्या खालच्या मर्यादेवर मांडतात. ५० किंवा त्याहून जास्त ५०९ जण, ६० वर ४६७, ७० वर ३२७, ८० वर १५९, ९० वर ४६ आणि १०० वर २४. हा वक्र डावीकडून उजवीकडे उतरत जातो. चढणारा आणि उतरणारा वक्र जिथे एकमेकांना छेदतात तिथून खाली लंब टाकला की तो मध्यकावर, म्हणजे ७४ वर पडतो. कारण त्या जागी खालचे जेवढे तेवढेच वरचे, आणि दोन्ही मिळून ५१९, म्हणजे प्रत्येकी २५९.५.

ही रीत दिसायला सुंदर आहे, पण दुसरा वक्र काही नवी माहिती आणत नाही. ५१९ मधून पहिल्या वक्राची उंची वजा केली की दुसरा मिळतो. दोन्ही वक्र ७४ वर भेटले म्हणजे उत्तराला दोन साक्षीदार मिळाले, असे समजू नये. एक गोष्ट मात्र ही रीत चोख करते. दोन्ही वक्र २५९.५ च्या उंचीवर छेदले नाहीत तर कुठेतरी मांडणी चुकली आहे हे लगेच कळते. चतुर्थक या छेदबिंदूवरून मिळत नाहीत, त्यांच्यासाठी पाव आणि पाऊण उंचीच्या आडव्या रेघाच ओढाव्या लागतात.

मध्यकासाठी २५९.५ घ्यायचे की ५१९ मध्ये एक मिळवून निम्मे, म्हणजे २६० घ्यायचे, यावर विद्यार्थी अडतात. सुटे आकडे रांगेत समोर असतील तर २६० वा माणूस हाच मधला. गटांच्या वक्रावर मात्र आपण माणसे सुटी मोजत नाही, सलग पसरलेली मानतो, म्हणून एकूण संख्येचे निम्मे घेतात. या तक्त्यात दोन उत्तरांतला फरक ०.०३ पौंड आहे, पेन्सिलच्या रेघेच्या जाडीतही तो दिसणार नाही. एकूण संख्या वीस-पंचवीसच असेल तेव्हा हा फरक नजरेत भरतो. पण इतक्या कमी आकड्यांना गटांत बांधण्याचीच गरज नसते.

वक्र उलट दिशेनेही वाचता येतो. समजा एखाद्या तरुणाने ८५ पौंड ओढले. आडव्या अक्षावर ८५ वरून वर जायचे, वक्राला भिडायचे आणि तिथून डावीकडे उभ्या अक्षाकडे वळायचे. तिथे ४१६ च्या आसपास आकडा मिळतो. म्हणजे ५१९ पैकी सुमारे ८० टक्के तरुण त्याच्या मागे आहेत. गाल्टनला याच वाचनात सर्वाधिक रस होता. माणसांची प्रतवारी लावण्याच्या ध्यासातून पुढे त्याने सुप्रजननाचा जो विचार पुरस्कारला, त्याचे जगाच्या इतिहासात फार वाईट परिणाम झाले. वक्राचे गणित त्या विचारापासून वेगळे आहे आणि वेगळेच ठेवले पाहिजे. ८० टक्क्यांच्या पुढे असणे ही त्या यंत्रावरच्या त्या खेचण्याची जागा आहे, माणसाची किंमत नाही. आणि तुलनाही पैसे देऊन प्रदर्शनाला आलेल्या, मोजून घ्यायला तयार झालेल्या तरुणांशीच आहे, सगळ्या इंग्लंडशी नाही.

आज हा वक्र संगणकावर काढणारेही पुष्कळ आहेत. तिथे एक खास खाचखळगा आहे. एक्सेलसारख्या प्रणालीत रेघेचा साधा आलेख निवडला की ती आडव्या अक्षावरचे आकडे नुसती नावे म्हणून धरते आणि सगळे बिंदू सारख्या अंतरावर मांडते. गट समान रुंदीचे असतील तर चूक दिसत नाही. एक गट वीसचा आणि दुसरा दहाचा असला की वक्राचा चढ बिघडतो आणि त्यावरून वाचलेले चतुर्थकही चुकतात. तिथे स्कॅटर प्रकारचा आलेख घ्यावा आणि बिंदू सरळ रेघांनी जोडावेत. गुळगुळीत रेघेचा पर्याय निवडला तर कधी कधी संगणक दोन बिंदूंच्या मधे वक्राला खाली झोल देतो. संचित वक्राला तो झोल असूच शकत नाही.

ज्यांना हात चालवून पाहायचा असेल त्यांनी वरचा तक्ता आलेख कागदावर काढून पाहावा, अर्ध्या तासाचे काम आहे. उत्तरे ६५.५, ७४ आणि ८२.५ च्या जवळ यायला हवीत. ती ६०.५, ६९ आणि ७७.५ आली, तर बिंदू वरच्या मर्यादेऐवजी गटाच्या मध्यावर पडले आहेत. तेवढे दुरुस्त करून पुन्हा वाचावे.